बिऱ्हाड शहरात, नाव गावात

निवडणूक जाहीर झाली की पुण्या-मुंबईतल्या हजारो मराठी घरांत एक ठराविक संवाद सुरू होतो. "आपलं नाव कुठे आहे हो?" असे गृहिणी विचारते. "गावाकडेच असेल, बाबांनी घातलं होतं," असे उत्तर येते. मग गावी फोन जातो, काका यादी पाहून येतात, नाव तिथेच असल्याची ग्वाही देतात आणि प्रश्न सुटला असे सर्वांना वाटते. वस्तुतः प्रश्न तिथेच सुरू होतो. मतदानाचा दिवस मंगळवार किंवा बुधवार असतो, गाव पाचशे किलोमीटर दूर असते, मुलाची परीक्षा असते, आणि घरातली तीन-चार मते कुठेच पडत नाहीत. ज्या शहरात हे कुटुंब बारा-बारा वर्षे कर भरते, पाणी पिते, मुलांना शाळेत घालते, तिथला नगरसेवक वा आमदार निवडण्यात त्याचा काडीचाही वाटा नसतो. आणि ज्या गावचा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क कागदावर आहे, तिथल्या रस्त्याची आणि पाण्याची झळ त्याला वर्षातून चार दिवसच लागते.

नाव गावी ठेवण्यामागे केवळ आळस नसतो, हे आधी मान्य केले पाहिजे. गावच्या यादीतले नाव हा अनेकांच्या लेखी मुळाशी जोडलेला शेवटचा धागा असतो. वाडा आहे, शेत आहे, कुलदैवत आहे, मग नाव का काढायचे, ही भावना समजण्यासारखी आहे. पण मतदार यादी म्हणजे कुळाची वंशावळ नव्हे. तिचा पाया १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात घातलेला आहे. मतदारसंघात जो 'सर्वसाधारणपणे राहतो' त्याचे नाव तिथल्या यादीत, हे कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाचे सूत्र आहे. विसाव्या कलमात याचा अर्थ अधिक उलगडून सांगितला आहे. एखाद्या ठिकाणी केवळ स्वतःच्या मालकीचे घर आहे किंवा घराचा ताबा आहे, एवढ्या कारणाने माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. म्हणजे वाडा आणि सातबारा हा मताचा आधार होऊ शकत नाही. त्याच कलमात दुसरी बाजूही सांगितली आहे. जो आपल्या राहत्या ठिकाणापासून तात्पुरता दूर गेला आहे, तो तेवढ्याने तिथला रहिवासी असण्याचे थांबत नाही. सहा महिन्यांच्या कामासाठी चेन्नईला गेलेल्या पुणेकराने नाव हलवण्याचे कारण नाही. पण दहा वर्षांपूर्वी पुण्यात बिऱ्हाड केलेल्या माणसाला 'तात्पुरता दूर' म्हणणे ही स्वतःचीच समजूत घालणे आहे.

शिक्षणासाठी बाहेर राहणाऱ्या मुलांना मात्र निवड करता येते. वसतिगृहात किंवा खाणावळीच्या आसऱ्याने राहणारा विद्यार्थी आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर नाव ठेवू शकतो, किंवा शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र जोडून वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव घालू शकतो. त्यासाठी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असावा लागतो. दोन्हींपैकी एकच, हे वेगळे सांगायला नको. नोकरदारांना अशी निवड नाही. त्यांच्यासाठी राहते घर हाच निकष आहे.

आता मुख्य अडचणीकडे वळता येईल. नाव हलवायचे ठरले, संगणक उघडला, आणि अर्जात पहिलाच प्रश्न येतो तो राज्य, जिल्हा आणि विधानसभा मतदारसंघाचा. बहुतेकांची इथे चूक होते. लोकसभेसाठी वेगळी यादी नसते. विधानसभा मतदारसंघाच्या याद्या एकत्र करून लोकसभेची यादी होते. म्हणून अर्ज विधानसभा मतदारसंघासाठी करायचा असतो आणि तो अचूक ओळखणे ही अर्जदाराची जबाबदारी असते. शहराचे नाव, टपालाचा पिनकोड आणि मतदारसंघ यांचा परस्परांशी फारसा संबंध नाही, हे लक्षात न आल्याने अर्ज भलत्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर जाऊन पडतो.

पुणे परिसरातला एक नमुना पाहावा. अंबाजोगाईचा एक अभियंता आठ वर्षांपासून हिंजवडीच्या संगणक उद्यानात नोकरी करतो. त्याचे नाव अजून गावी, म्हणजे केज या २३२ क्रमांकाच्या विधानसभा मतदारसंघात आहे. तो राहतो ती इमारत वाकड आणि हिंजवडी यांच्या सीमेजवळ आहे. गृहसंस्थेच्या फलकावर 'हिंजवडी-वाकड रस्ता, पुणे' असे लिहिले आहे, आणि पिनकोड ४११०५७ आहे. हाच पिनकोड वाकडलाही आहे आणि हिंजवडीलाही. त्याचा एक मित्र सांगतो की मतदारसंघ चिंचवड, दुसरा सांगतो भोर, आणि तिसरा म्हणतो की पत्त्यात पुणे आहे तर शिवाजीनगर निवड. यातले खरे उत्तर कसे काढायचे?

वाकड हा भाग पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे आणि तो चिंचवड या २०५ क्रमांकाच्या विधानसभा मतदारसंघात येतो. चिंचवड हा मावळ लोकसभेचा भाग. हिंजवडी हे मुळशी तालुक्यातले गाव आहे, आणि भोर, वेल्हे व मुळशी हे तिन्ही तालुके मिळून भोर हा २०३ क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ झालेला आहे. भोर हा बारामती लोकसभेत मोडतो. म्हणजे सीमेच्या अलीकडचे कुटुंब मावळचा खासदार निवडते आणि पलीकडचे बारामतीचा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तर या दोन शेजाऱ्यांचे मतदान एका दिवशीही झाले नाही. बारामतीत ७ मे रोजी मतदान झाले आणि मावळमध्ये १३ मे रोजी. शिवाजीनगर निवडायला सांगणाऱ्या मित्राचे उत्तर तर या सर्वापासून पंधरा किलोमीटर दूर होते.

असा घोटाळा होतो याचे कारण मतदारसंघांच्या सीमा आज दिसणाऱ्या शहरावर बेतलेल्या नाहीत हे आहे. त्या २००८ च्या परिसीमन आदेशाने ठरल्या आणि तो आदेश २००१ च्या जनगणनेवर आधारलेला होता. त्यानंतर शहरे फुगली, गावे महानगरपालिकांत आली, पण मतदारसंघ जागचे हलले नाहीत. सूस आणि महाळुंगे ही मुळशी तालुक्यातली गावे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. तिथला रहिवासी मिळकतकर पुणे महानगरपालिकेला भरतो, पण विधानसभेसाठी तो भोरचाच मतदार आहे. हडपसरचा माणूस स्वतःला अस्सल पुणेकर समजतो, मात्र लोकसभेला तो शिरूरसाठी मत देतो, आणि खडकवासल्याचा रहिवासी बारामतीसाठी. म्हणून 'कर कुठे भरता' हा प्रश्न उपयोगाचा असला तरी निर्णायक नाही.

निर्णायक खूण दोन ठिकाणी सापडते. पहिली खूण घराच्या नोंदणीकृत दस्तात असते. खरेदीखत असो वा भाडेकरार, त्यात 'मौजे' या शब्दापुढे गावाचे नाव आणि तालुका लिहिलेला असतो. बिल्डरच्या जाहिरातीत काहीही छापलेले असो, मौजे वाकड असेल तर ते घर वाकडचे आणि मौजे हिंजवडी असेल तर हिंजवडीचे. दुसरी खूण अधिक सोपी आहे. त्याच इमारतीत जो शेजारी आधीपासून मतदार आहे त्याचे मतदार ओळखपत्र पाहावे. पत्रावर विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक आणि नाव छापलेले असते. पत्र जुने असेल आणि शेजाऱ्याची हरकत नसेल, तर electoralsearch.eci.gov.in या संकेतस्थळावर त्याच्या ओळखपत्राचा क्रमांक घातला की मतदारसंघ, यादीभाग क्रमांक आणि मतदान केंद्र असे तिन्ही तपशील समोर येतात. एका इमारतीचे सर्व मतदार साधारणपणे एकाच यादीभागात असतात. त्यामुळे शेजाऱ्याचा यादीभाग तोच आपला. वरील अभियंत्याने भाडेकरार काढून पाहिला तेव्हा त्यात मौजे वाकड असे होते, आणि वरच्या मजल्यावरील निवृत्त शिक्षकांच्या पत्रावर २०५ चिंचवड. दोन्ही खुणा जुळल्या आणि शंका मिटली. जिथे जुळत नाहीत तिथे १९५० या क्रमांकावर विचारावे किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, म्हणजे बीएलओला गाठावे. पण अंदाजाने खूण करू नये.

मतदारसंघ ठरल्यावर दुसरा प्रश्न येतो तो कोणता अर्ज भरायचा याचा. इथली चूक पहिल्या चुकीपेक्षा महाग पडते. नमुना ६ हा अर्ज ज्याचे नाव देशात कुठल्याही यादीत नाही अशा नव्या मतदारासाठी आहे. ज्याचे नाव गावी आहे त्याने नमुना ८ भरायचा असतो. पूर्वी तसे नव्हते. ऑगस्ट २०२२ च्या आधी दुसऱ्या मतदारसंघात जाणाऱ्यालाही नमुना ६ भरावा लागत असे, आणि त्याच मतदारसंघात घर बदलणाऱ्याला ८अ. नियम बदलले, ८अ रद्द झाला आणि स्थलांतराची सर्व प्रकरणे नमुना ८ मध्ये आली. पण जुने जाणकार, गृहसंस्थेचे सचिव आणि मदत केंद्रावर बसणारे उत्साही कार्यकर्तेसुद्धा अजून 'सहा नंबरचा फॉर्म भरा' असेच सांगताना आढळतात.

त्याचा परिणाम असा होतो. नमुना ६ मध्ये अर्जदार प्रतिज्ञापूर्वक सांगतो की त्याचे नाव अन्य कोणत्याही मतदारसंघात समाविष्ट नाही. गावी नाव असताना हे लिहिणे म्हणजे खोटे निवेदन होय, आणि १९५० च्या कायद्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणे जाणीवपूर्वक केलेल्या खोट्या निवेदनाला एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे. शिवाय अर्ज मंजूर झाला तर नवा ओळखपत्र क्रमांक तयार होतो, गावचे नाव तसेच राहते आणि एक सज्जन गृहस्थ नकळत 'दुबार मतदार' बनतो. नमुना ८ मध्ये हे घडत नाही. अर्जात जुन्या ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो, तोच क्रमांक पुढे कायम राहतो, नवे पत्र नव्या पत्त्याचे मिळते, आणि नव्या ठिकाणी नाव चढले की जुन्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला ते वगळण्याची सूचना जाते.

अर्जाची वाट तशी सरळ आहे. voters.eci.gov.in या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भ्रमणध्वनी क्रमांक देऊन खाते उघडायचे. त्या क्रमांकावर आलेला संकेतांक टाकला की प्रवेश मिळतो. पुढे नमुना ८ निवडून स्वतःचा ओळखपत्र क्रमांक घातला की गावच्या यादीतला आपला तपशील पडद्यावर उमटतो. तो आपलाच आहे याची खात्री करून घ्यावी. मग कारण विचारले जाते. त्यात Shifting of Residence हा पर्याय निवडायचा, आणि लगेच पुढे मतदारसंघाच्या आत की बाहेर हे विचारले जाते तिथे Outside Assembly Constituency. शहरातल्या शहरात घर बदलणाऱ्यांची इथे फसगत होते. वाकडहून सूसला गेलेला माणूस म्हणतो, 'मी तर पुण्यातच आहे' आणि आतला पर्याय निवडतो. प्रत्यक्षात त्याने चिंचवड सोडून भोरमध्ये पाऊल टाकलेले असते. त्यानंतर नवे राज्य, जिल्हा, मतदारसंघ आणि पत्ता भरायचा असतो.

पत्त्याच्या पुराव्यासाठी चालणाऱ्या कागदांत पाणी, वीज वा गॅसचे देयक, आधार, बँकेचे किंवा टपाल खात्याचे चालू पासबुक, पारपत्र, जमिनीच्या मालकीचा महसुली उतारा, नोंदणीकृत भाडेकरार आणि नोंदणीकृत खरेदीखत यांचा समावेश आहे. यांपैकी एकच पुरतो. तो अर्जदाराच्याच नावाचा असला पाहिजे असेही नाही. आईवडील, पती वा पत्नी यांच्या नावाचा कागद चालतो. नवविवाहित सुनेच्या नावाचे देयक कुठून आणायचे, ही घराघरांतली काळजी त्यामुळे निराधार ठरते. तिच्यासाठी सासरचा मतदारसंघ वेगळा असला तर तोच नमुना ८ लागू होतो. मात्र एका अर्जात एकच काम होते, हे ध्यानात ठेवावे. लग्नानंतर नावही बदलायचे असेल तर आधी पत्ता हलवावा, तो मंजूर झाल्यावर नावदुरुस्तीचा वेगळा अर्ज करावा. भाड्याने राहणाऱ्यांनी एका गोष्टीची काळजी घ्यावी. भाडेकरार नोंदणीकृत असला पाहिजे. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीपुढे केलेला कागद इथे उपयोगी पडत नाही. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे, तरी ती टाळणारे घरमालक कमी नाहीत. अशा वेळी आधारवरील किंवा बँकेतील पत्ता बदलून घेणे हा अधिक जवळचा मार्ग ठरतो.

अर्ज पाठवला की एक संदर्भ क्रमांक मिळतो. पुष्कळ लोक इथे थांबतात, आणि अर्जही बहुधा इथेच अडतो. अर्जाची माहिती सात दिवस हरकतींसाठी प्रसिद्ध करावी लागते आणि बीएलओने पत्त्यावर जाऊन खात्री करायची असते. बीएलओ म्हणजे बहुधा शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका. आपले काम सांभाळून ती दुपारी येते. त्या वेळी नवरा-बायको दोघेही कचेरीत असतात, पहारेकरी 'कोणी नाही' म्हणून सांगतो आणि अर्जावर 'सदर पत्त्यावर आढळून आले नाहीत' असा शेरा पडतो. घर खरे, माणूस खरा, कागद खरे, आणि अर्ज मात्र नामंजूर! यावर उपाय साधा आहे. संदर्भ क्रमांक घालून संकेतस्थळावर अर्जाची स्थिती चार दिवसांआड पाहावी. अर्ज बीएलओकडे सोपवल्याचे दिसताच तिला फोन करून वेळ ठरवावी, आणि पहारेकऱ्याकडे व शेजाऱ्याकडे नाव सांगून ठेवावे. तरीही अर्ज नाकारला गेला तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे अपील करता येते. नव्याने अर्ज करण्यासही आडकाठी नसते.

अर्ज मंजूर झाल्याचा संदेश आला म्हणजे काम संपले असे समजू नये. यादीत शोध घेऊन दोन गोष्टी पाहाव्यात. नव्या ठिकाणी नाव चढले का, आणि जुन्या ठिकाणचे उतरले का. ओळखपत्र क्रमांकाने शोधल्यास नवी नोंद दिसेल. पण नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख देऊन गावच्या जिल्ह्यातही एकदा शोधावे, कारण पूर्वी कधीतरी कोणी दुसऱ्याच क्रमांकाने नाव घातलेले असू शकते. तसे सापडले तर नमुना ७ भरून ते स्वतःच वगळून घ्यावे. दोन मतदारसंघांत नाव असणे कायद्याला मान्य नाही. सार्वत्रिक निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिले तर दोन्ही मते बाद ठरतात.

वेळेचे गणितही समजून घ्यावे लागेल. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी यादीचे दार कायद्यानेच बंद होते. त्यानंतर नाव घालता येत नाही, काढताही येत नाही. हरकतींचे सात दिवस आणि पडताळणी धरली तर त्याच्या किमान दहा दिवस आधी अर्ज पोहोचायला हवा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, उमेदवारी अर्जांची मुदत २९ ऑक्टोबर होती आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. म्हणजे घोषणा ऐकून जागे झालेल्या माणसाच्या हाती जेमतेम चार-पाच दिवस होते. मतदानाला महिना आहे म्हणून निवांत राहिलेल्यांची नावे गावीच राहिली. महापालिकांच्या बाबतीत तर अंतर आणखी मोठे असते. राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र नोंदणी करत नाही. विधानसभेची एका ठराविक तारखेची यादी घेऊन तिची प्रभागनिहाय विभागणी करतो. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली गेली. त्या तारखेनंतर वाकडला नाव आणणाऱ्याला पिंपरी-चिंचवडचा नगरसेवक निवडता आला नाही. म्हणून नाव हलवण्याची योग्य वेळ ही निवडणुकीची नव्हे, नव्या घरात बिऱ्हाड लागण्याची असते. नव्या मतदारांसाठीही आता वर्षातून एकच संधी राहिलेली नाही. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चारपैकी ज्या तारखेला अठरा वर्षे पूर्ण होतात, ती तारीख धरून नाव नोंदवता येते.

आणि कोणतेही पाऊल न उचलता 'जुने नाव आहे ते राहू द्या' म्हणणाऱ्यांनाही आता निश्चिंत राहता येणार नाही. २०२५ मध्ये बिहारमध्ये मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. १ ऑगस्टला प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली, आणि त्यांपैकी सुमारे ३६ लाख नावे कायमचे स्थलांतरित झालेल्या किंवा पत्त्यावर न सापडलेल्या लोकांची होती. त्यानंतरच्या टप्प्यात गोव्याचाही समावेश झाला. घरोघरी पाहणी होते तेव्हा बंद वाड्याच्या दारावरचे कुलूप साक्ष देते. गावचे नाव गेले आणि शहरात कधी घातलेच नव्हते, अशी दोन्हीकडून रिकामी स्थिती ज्यांच्या वाट्याला येते त्यांना मग नागरिकत्वाचा सर्वांत साधा हक्कही उरत नाही.

यातून कार्यकर्त्यांनीही काही शिकले पाहिजे. मतदार नोंदणीच्या मोहिमा संघटनेला नव्या नाहीत. वस्तीवस्तीत टेबले मांडून अर्ज भरून देण्याचे काम अनेकांनी निष्ठेने केले आहे. पण अर्जांचा आकडा हेच यश मानले की नमुना ६ चा ढीग वाढतो आणि त्यात स्थलांतरितांचे अर्जही मिसळतात. प्रत्येक अर्जदाराला पहिला प्रश्न विचारला पाहिजे, 'तुमचं नाव आधी कुठे होतं?' उत्तर 'गावी' असेल तर सहा नंबरचा कागद बाजूला ठेवून आठ नंबरचा पुढे करावा. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. एखादा मतदारसंघ अटीतटीचा आहे म्हणून शेजारच्या मतदारसंघातील आपल्या विचारांच्या कुटुंबांची नावे तिकडे हलवण्याची सूचना उत्साहाच्या भरात कधी कधी पुढे येते. गावी आणि शहरात अशी दोन्हीकडे नावे ठेवून, निवडणुका वेगवेगळ्या दिवशी असल्याचा फायदा घेण्याची कल्पनाही काही चतुर मंडळी सुचवतात. दोन्ही गोष्टी कायद्याने अपराध आहेत. घुसखोरांची आणि बनावट मतदारांची नावे यादीतून काढा, असा आग्रह जे धरतात त्यांच्या स्वतःच्या घरातली नावे आधी स्वच्छ असली पाहिजेत. दुसऱ्याच्या यादीकडे बोट दाखवणाऱ्याचे स्वतःचे नाव दोन ठिकाणी सापडले, तर त्या आग्रहातले सगळे नैतिक बळ क्षणात ओसरते.

अंबाजोगाईच्या त्या अभियंत्याने नाव हलवले तेव्हा घरात थोडी कुरबुर झाली. वडिलांना वाटले, मुलगा गावाला पारखा झाला. पण योगेश्वरीच्या यात्रेला तो आजही सहकुटुंब जातो, वाड्याची डागडुजी करतो, शेताचा वाटा पाहतो. यांपैकी कशासाठीही गावच्या मतदार यादीत नाव असावे लागत नाही. वाकडच्या नळाला पाणी कधी येणार, हा प्रश्न ज्याला विचारायचा तो प्रतिनिधी निवडायला मात्र वाकडच्याच यादीत नाव लागते. गावाशी नाते मनाने आणि येण्याजाण्याने टिकते. मत मात्र जिथे चूल पेटते तिथेच द्यायचे असते.